बंड्या गेला, त्यानंतरचं पत्र

घरातलं माणूस गेलं की पुढचे दिवस आपोआप भरतात. शेजारी पिठलं-भात आणून ठेवतात, नातेवाईक येतात, आणि येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो : "कसं झालं?" घरचे सांगतात. तासाभराने आणखी कोणी येतं, पुन्हा सांगतात. रात्री ताप भरला, मग दवाखान्यात नेलं, मग डॉक्टर म्हणाले... बाराव्यापर्यंत ही हकिगत इतक्यांदा सांगून होते की सुरुवातीला जिथे आवाज अडकायचा तिथे तो अडकेनासा होतो.

चौदा वर्षांचं कुत्रं गेलं तर यातलं काहीच होत नाही. सुतक नाही, भेटायला येणं नाही, ऑफिसात रजा मागताना खरं कारण सांगायचीही चोरी. कोणी विचारलंच तर "किती वर्षांचा होता?" एवढंच, आणि आकडा ऐकून "मग वय झालंच होतं" असं म्हणून विषय बदलतो. अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखांवर एक पुस्तक संपादित केलं. ज्या दुःखाला समाज मान्यताच देत नाही, ज्याच्यासाठी रडायची परवानगी नसते, असं दुःख माणसाला वेगळ्या तऱ्हेने सलतं, हे त्यांचं म्हणणं. पाळीव प्राण्याचा मृत्यू हे त्याचं अगदी घरगुती उदाहरण.

म्हणून मैत्रिणीचा म्हातारा कुत्रा गेल्यावर तिला पत्र लिहायचं असेल, तर त्या पत्राने भेटायला येणाऱ्या माणसाचं काम करायचं असतं. दारात यायचं, गेलेल्याचं नाव घ्यायचं, आठवण काढायची, आणि तिला तिची हकिगत सांगायला जागा करून द्यायची. सांत्वनाची सुंदर वाक्यं त्यानंतर सुचली तर ठीक, नाही सुचली तरी अडत नाही.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, मैत्रीण नाशिकला राहते. कुत्रा गावठी, तांबूस रंगाचा, नाव बंड्या. तिच्या मुलाने शाळेत असताना रिक्षा स्टँडमागून उचलून आणलेला. घरात ती, नवरा आणि सासरे. मुलगा आता बंगळूरला. बंड्याची किडनी निकामी होत आली होती, शेवटचे काही आठवडे सलाईन चाललं, खाणं सुटलं, आणि परवा डॉक्टरांना घरी बोलावून इंजेक्शन देऊन त्याला शांत झोपवलं. आपल्याला हे तिच्या नवऱ्याच्या दोन ओळींच्या मेसेजवरून कळलं.

लिहायला बसण्याआधी एक गोष्ट माहीत करून घ्यावी : तो आपणहून गेला की निर्णय घ्यावा लागला. या दोन घरांतली दुःखं वेगळी असतात, आणि एकाला लिहिलेलं पत्र दुसऱ्याला चालत नाही. ही चौकशी मैत्रिणीकडे न करता नवऱ्याकडे किंवा मुलाकडे करावी. त्याच वेळी नावाची खात्री करून घ्यावी. बंड्याला कोणी "बंडू" म्हणून श्रद्धांजली वाहिली, तर पुढचं सगळं वाया गेलं.

पहिलं वाक्य सरळ असावं. "तुझ्यावर कोसळलेल्या दुःखद प्रसंगाबद्दल समजलं" हे नगरसेवकाच्या फलकावरचं मराठी आहे. "बंड्या गेल्याचं कळलं" हे माणसाचं. "कुत्रा वारला" असंही लिहू नये, कारण त्या घरात तो कुत्रा नव्हता, बंड्या होता. उलट टोकाला जाऊन "कैलासवासी बंड्या" असं लिहिणारेही भेटतात. हेतू चांगला असतो, पण वाचणाऱ्याला आपली थट्टा चाललीय की काय असं वाटू शकतं. नुसतं नाव पुरतं.

त्यानंतर आठवण. एकच, पण आपल्या डोळ्यांनी पाहिलेली. "किती प्रेमळ होता, किती हुशार होता" हे जगातल्या कुठल्याही कुत्र्याबद्दल लिहिता येतं, म्हणून ते कोणाचंच नसतं. कुकरची तिसरी शिट्टी झाली की बंड्या मान वर करून तिच्या सुरात सूर मिळवायचा, आणि सासरे आतून ओरडायचे, "अरे, झाला भात, कळलं!" हे फक्त बंड्याचं आहे. अशी आठवण पत्रात आली की मैत्रिणीला कळतं की तो आणखी कोणाच्या तरी डोक्यात आहे. आपण त्याला कधी पाहिलंच नसेल तर खोटी जवळीक दाखवू नये. फोनवर बोलताना मागून येणारं भुंकणं ऐकलेलं असतं, "थांब गं, याला बाहेर सोडून येते" असं तिने बोलणं मध्येच तोडलेलं असतं. तेही चालतं.

आता खरा अवघड भाग. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मागे राहणाऱ्या माणसाला दुःखाइतकंच काहीतरी दुसरं छळत असतं, आणि ते म्हणजे अपराधीपणा. तो दोन तऱ्हांचा असतो. एक : "माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं." दुसरा : "मी घाई केली, अजून चार दिवस थांबले असते तर?" किंवा याच्या उलट, "उगाच लांबवलं, त्याचे हाल केले." गंमत अशी की हे सगळे विचार एकाच माणसाच्या मनात एकाच रात्री येऊ शकतात. "स्वतःला दोष देऊ नकोस" या वाक्याने त्यातला एकही हलत नाही, कारण ती विनंती आहे, उत्तर नव्हे. उत्तर द्यायचं तर आजाराबद्दल थोडं माहीत असावं लागतं.

किडनीचंच बघा. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हा आजार नेहमीचा. किडनीत रक्त गाळणारे लाखो सूक्ष्म भाग असतात. त्यातले काही निकामी झाले की उरलेले जास्त काम अंगावर घेतात, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. साधारण दोन तृतीयांश क्षमता संपल्यावर कुत्रा जास्त पाणी पिऊ लागतो आणि जास्त लघवी करू लागतो. रक्तातलं क्रिएटिनिन नेहमीच्या तपासणीत वाढलेलं दिसतं तोवर तर सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये म्हातारा कुत्रा जास्त पाणी प्यायला तर घरचे काय म्हणणार? ऊन वाढलंय. याहून वेगळं कोणीही म्हटलं नसतं. आता याच्याही आधी सुगावा देणारी रक्ततपासणी निघाली आहे, पण खेळत्या-खात्या कुत्र्याची ती मुद्दाम करून घेणारी घरं थोडीच. "आधी लक्षात यायला हवं होतं" याला हे खरं उत्तर आहे : हा आजार लपून येतो, तुझ्या नजरेत कसूर नव्हती.

दुसरा छळ इंजेक्शनचा. ज्यांनी शेवटपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं, त्यांना नंतर काही दृश्यं आठवत राहतात. त्याचे डोळे उघडेच होते. सगळं संपल्यावरही त्याने एक खोल श्वास घेतल्यासारखं केलं. पाय हलला. "म्हणजे त्याला कळत होतं का? तो जागा होता का?" हा प्रश्न बहुतेक जण डॉक्टरांनाही विचारत नाहीत, मनात ठेवतात. प्रत्यक्षात होतं ते असं. आधी सहसा गुंगीचं औषध देतात. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भूल देण्याच्या औषधाचाच फार मोठा डोस जातो. शुद्ध सर्वांत आधी हरपते, काही सेकंदांत. श्वास त्यानंतर थांबतो, हृदय त्याच्याही नंतर. डोळे मिटत नाहीत, कारण पापण्या आपोआप मिटून राहत नाहीत. नंतरचा तो श्वास आणि पायाची हालचाल ही स्नायूंची असते, त्यात जाणीव नसते. चांगले डॉक्टर हे आधीच समजावून सांगतात, पण त्या क्षणी घरच्यांच्या कानात काही शिरत नाही.

हे सगळं पत्रात लिहायचं का? सगळं नाही. मैत्रिणीने स्वतः डोळ्यांचा विषय काढला नसेल तर आपण काढू नये. तिने पाहिलंच नसेल तर नवं दृश्य तिच्या डोक्यात घालायचं कशाला. पण उजळणी आपल्याकडे असावी, म्हणजे फोनवर ती विचारेल तेव्हा आपण गोंधळणार नाही. आणि आपल्याला आजाराचं नक्की काही माहीत नसेल तर डॉक्टरकीचा आव आणू नये. अशा वेळी "तुला शंका छळत असेल तर डॉक्टरांना एकदा विचारच, ते सांगतील" एवढं लिहावं. हे डॉक्टर रोज असे प्रश्न ऐकतात आणि बहुतेकदा शांतपणे उत्तर देतात.

घाई केली की उशीर, याला मात्र वैद्यकीय उत्तर नाही. बरोबर दिवस असा नसतोच. असतो तो काही दिवसांचा पट्टा, ज्याच्या एका टोकाला थोडं लवकर असतं आणि दुसऱ्या टोकाला थोडं उशिरा, आणि त्या दिवसांतला एक आपल्याला निवडावा लागतो. बंड्याने सलग तीन दिवस दहीभाताकडे पाठ फिरवली, उठताना मागचे पाय घसरू लागले, ज्या अंगणात त्याने चौदा वर्षं कधी घाण केली नाही तिथेच त्याला पडून राहावं लागलं, असं काही ठोस आपल्याला ठाऊक असेल तर त्याचा उल्लेख करावा. "तू जे पाहिलंस त्यावरून ठरवलंस" हे वाक्य "तू योग्य तेच केलंस" याच्यापेक्षा जास्त टिकतं. दुसऱ्या वाक्यात आपण न्यायाधीश होतो, आणि आज निर्दोष ठरवणारा उद्या दोषीही ठरवू शकतो, हे दुखऱ्या मनाला लगेच कळतं.

काय टाळावं याची यादी करत बसण्यात अर्थ नाही, पण तीन वाक्यं इतक्या सहज लेखणीतून उतरतात की त्यांच्याबद्दल बोलायला हवं. पहिलं, "सुटला बिचारा." हे तिने म्हणायचं असतं, आपण नाही. तिने म्हटलं की मान डोलवावी. दुसरं, "चौदा वर्षं म्हणजे भरपूर जगला." हिशेब बरोबर आहे, पण चौदा वर्षं म्हणजे चौदा वर्षांची सवय, आणि ती जितकी जुनी तितकी मोडताना जास्त दुखते. बंड्या आला तेव्हा मुलगा घरात होता. बंड्या गेला आणि मुलाच्या शाळेच्या दिवसांचा घरातला शेवटचा साक्षीदार गेला. तिसरं, "आता दुसरं पिल्लू आण." हे घरातल्यांनी एकमेकांना म्हणायचं.

या बाबतीत एक सुरेख अपवाद आहे. अमेरिकन नाटककार युजीन ओनील आणि त्याची बायको कार्लोटा यांचा डालमेशियन जातीचा कुत्रा, ब्लेमी, १९४० च्या अखेरीस अगदी थकला होता. त्याचा शेवट जवळ आल्यावर ओनीलने बायकोच्या समाधानासाठी त्या कुत्र्याचं मृत्युपत्र लिहिलं, कुत्र्याच्याच तोंडून. त्यात ब्लेमी मालकिणीला सांगतो की माझ्या मागे पुन्हा कुत्रा पाळा. हे शोभलं, कारण लिहिणारा त्याच घरात राहत होता आणि त्याचंही तेवढंच जाणार होतं. बाहेरच्या मित्राने बंड्याच्या तोंडून "आई, मी आता सुखात आहे" असं लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातल्या माणसाचा आवाज काढण्यासारखं होतं. काहींना ते आवडेलही. मला ते धाडस वाटतं.

तयार मजकुरांचंही तसंच. इंद्रधनुष्याच्या पुलापाशी वाट पाहणाऱ्या प्राण्यांचा इंग्रजी मजकूर आता मराठी घरांतल्या फोनांवरही फिरतो. स्कॉटलंडमधल्या एका तरुण मुलीने १९५९ साली स्वतःच्या कुत्र्यासाठी तो लिहिला होता. तिच्यासाठी तो खरा होता. आपल्याकडे त्या जागी युधिष्ठिराचा कुत्रा येतो. महाप्रस्थानात बरोबर चालत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो, आणि मग तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म असल्याचं उघड होतं. गोष्ट मोठी आहे, पण पत्रात जपून वापरावी. त्या कथेत कुत्र्याला सोडलं जात नाही. आणि आपल्या मैत्रिणीला नेमकं हेच खुपत असतं की आपण त्याला सोडलं.

आता पत्र. वर म्हटलेलं सगळं त्यात येणार नाही, यायलाही नको. हाताने लिहिलं तर एका पानात मावेल एवढंच.

"प्रिय मैत्रिणी,

बंड्या गेल्याचं काल कळलं. फोन उचलला होता, पण तुला बोलावंसं वाटत असेल की नाही हे कळेना, म्हणून लिहिते आहे. याला उत्तर देऊ नकोस, वाटलं तरच दे.

मला तो कुकरच्या शिट्टीबरोबर गाणारा बंड्या आठवतोय. मागच्या दिवाळीच्या आधी तुझ्याकडे आले होते तेव्हा तिसऱ्या शिट्टीला त्याने सूर लावला आणि आबा आतून ओरडले, 'अरे, झाला भात, कळलं!' तू हसता हसता म्हणालीस, गॅस बंद करायची आठवण हाच ठेवतो. तेव्हाही त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसत होता, पण माझ्या पिशवीत खारी आहे हे त्याला बरोबर कळलं होतं.

शेवटचे आठवडे तुम्ही घरीच सलाईन लावत होतात, हे कळलं. त्याने दहीभातसुद्धा नको म्हटला, हेही कळलं. तू जे रोज पाहत होतीस त्यावरून तू ठरवलंस. ते ठरवणं किती जड गेलं असेल, हे मला इथून कळणार नाही. एक मात्र सांगते. कुत्र्याची किडनी बिघडते ती फार उशिरा दिसते. रक्तात दिसेपर्यंत बरंचसं होऊन गेलेलं असतं. उन्हाळ्यात तो जास्त पाणी पीत होता आणि तुझ्या लक्षात आलं नाही, असं मनात येत असेल तर ते कोणाच्याच लक्षात आलं नसतं.

आबांना सांग, मी त्यांची आठवण काढली. सकाळी सहाला ते बंड्यामुळे जिने उतरायचे. आता उतरतात की नाही, तेवढं बघ.

पुढच्या शनिवारी मी नाशिकला आहे. अकराच्या सुमाराला येते. तुला नको असेल तर 'नको' एवढाच मेसेज कर, मी अजिबात मनाला लावून घेणार नाही. आलेच तर मला सगळं पहिल्यापासून सांग, अगदी रिक्षा स्टँडपासून.

तुझी"

या पत्रात दोन-तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. सासऱ्यांचा उल्लेख वरवर आगंतुक वाटेल, पण म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं फिरणं जातं, शेजारच्या चार माणसांशी बोलणं जातं, आणि हे दुःख त्या घरात कोणाच्याच नावावर लिहिलेलं नसतं. मुलालाही वेगळ्या दोन ओळी पाठवाव्यात. बंगळूरला बसलेल्या त्या मुलाला बहुधा फोनवरून सांगितलं गेलेलं असतं, आणि बंड्या आणला होता त्यानेच.

"काही लागलं तर सांग" असं लिहिलेलं नाही, कारण ते वाक्य कामाला लागत नाही; सांगायचं ओझं पुन्हा तिच्यावरच पडतं. त्याऐवजी वार, वेळ आणि नको म्हणायची सोय. आणि पत्राचा शेवट प्रश्नाने होत नाही, आमंत्रणाने होतो. "त्याला काय झालं होतं?" असं पत्रात विचारलं तर तिला बसून लिहावं लागेल. "पहिल्यापासून सांग" म्हटलं की ते केव्हा सांगायचं हे तिच्या हातात राहतं.

पत्र पाठवायचं कधी? पहिल्या आठवड्यात. हाताने लिहून पोस्टाने पाठवलं तर उत्तमच, पण पोस्टाची वाट पाहत दहा दिवस जाणार असतील तर लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवून मूळ कागद मागाहून पाठवावा. आधी एका ओळीचा मेसेज गेला तरी पत्राचं मोल कमी होत नाही.

मैत्रीण शनिवारी "नको" म्हणाली तर थांबावं, आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा दोन ओळी लिहाव्यात. तोवर बाकी सगळे विसरलेले असतात, आणि घरात मात्र वस्तू निघत राहतात : अर्धी पोतडी किडनीच्या पथ्याचं खाणं, न उघडलेल्या सलाईनच्या बाटल्या, पट्टा. बाटल्या आणि खाणं दवाखान्याला किंवा प्राण्यांच्या निवाऱ्याला विचारून देता येतं, आणि ते पोचवायचं काम मैत्रीण म्हणून आपण अंगावर घेऊ शकतो. पट्ट्याला हात लावू नये. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढलेला असेल तर तो रद्द करायचा असतो. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली जाऊ शकते, ती घेऊन ठेवावी. आणखी एक : दवाखान्याच्या यादीत बंड्याचं नाव तसंच राहिलं असेल, तर पुढच्या वर्षी एका सकाळी तिच्या फोनवर रेबीजच्या लशीची आठवण करून देणारा मेसेज येईल. दवाखान्यात फोन करून ते नाव काढायला सांगणं, हे काम तिला न विचारता करून टाकलं तरी चालेल. मालकिणीचं नाव आणि मोबाईल नंबर सांगितला की तिथे फाईल सापडते.